वहीचं शेवटचं पान

आठवडा झाला, पण ते पान डोक्यातून जात नाही.

छोटीला मधुमेह आहे. तिची साखरेची वही संपत आली म्हणून नवी आखायला बसले होते. तारीख, वेळ, साखर, इन्सुलिन, नोंद. जुनी वही चुकून उलट्या बाजूने उघडली गेली आणि शेवटच्या पानावर मोठ्याचं अक्षर दिसलं. माझ्यासारखेच पाच रकाने, पट्टी न लावता आखलेले. ‘मंगळवार. रात्री ९. पोट. थोडं.’ ‘गुरुवार. सकाळ. पोट. शाळेत गेलो.’ आणि नोंदीच्या रकान्यात प्रत्येक ओळीला एकच: ‘सांगितलं नाही.’ अशा अकरा ओळी.

का सांगितलं नाहीस, असं विचारलं तर म्हणाला, “तुला तीनला उठायचं असतं ना.”

दीड वर्ष मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतेय, आमचा मोठा फार समजूतदार आहे. तो ऐकत असायचा. नऊ वर्षांच्या मुलाला रोज समजूतदार म्हटल्यावर पोट दुखलं तर त्याने सांगायचं कुठल्या तोंडाने? रात्रीचा गजर माझा, मोजणं माझं, सुई माझी, आणि हेही मलाच दिसायला हवं होतं का, असं वाटून स्वतःचीच कीव आली. त्याच्या बाबांशी यावरून जे झालं ते इथे नको.

पोट खरंच दुखत होतं. लक्ष वेधायला केलेलं नाटक म्हणून सोडून द्यायचं नाही एवढं कळत होतं, म्हणून फक्त त्याला घेऊन डॉक्टरांकडे गेले. तपासून काही निघालं नाही. मनावर ताण असला की मुलांचं पोट असं दुखतं आणि ते दुखणं खोटं नसतं, हे त्यांनी मला नाही, त्याला सांगितलं. त्याने मान डोलावली. छोटीच्या रांगेत तो कितीदा बसला असेल, पण त्याच्या नावाने हाक आली ती तेव्हाच.

छोटीच्या समुपदेशक ताई म्हणाल्या होत्या की आधी समजावू नका, त्याला काय वाटतं ते विचारा. मुलं आपण फोनवर बोललेले तुकडे जोडून स्वतःची गोष्ट तयार करतात. येताना विचारलं, “तिला हे कशामुळे झालं असं तुला वाटतं?” बराच वेळ तो गप्प होता. मग म्हणाला, “मी तिला माझी सगळी चॉकलेटं द्यायचो.”

दीड वर्ष! शरीराची संरक्षण करणारी यंत्रणाच चुकून स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते, टाइप १ मधुमेह गोड खाण्याने होत नाही, हे मी सगळ्या नातेवाइकांना फोनवर तोंडपाठ सांगितलंय. त्याला समोर बसवून एकदाही नाही. तिथेच सांगितलं. “मग माझ्यामुळे नाही?” नाही. “नक्की?” पुन्हा सांगितलं. रात्री अंथरुणात त्याने परत विचारलं, मी परत सांगितलं. अजून बरेचदा विचारेल.

ती झोपेत नीट श्वास घेते का, हे तो रात्री उठून बघायचा. तेही तेव्हाच कळलं. तिला घाम आला, हात थरथरले की मोठ्या माणसाला हाक मारायची, तुझं काम एवढंच. रात्रीचा पहारा आमचा. हे ऐकून तो जरा रुसला. पहारा काढून घेतला, तर त्याच्या हाती दुसरं काहीतरी यायला हवं होतं.

म्हणून रोज रात्री आठ ते सव्वाआठ त्याचे. दार लावून, फोन बाहेर. तो ठरवेल ते करायचं आणि छोटीचा विषय मी काढायचा नाही. दोन दिवस छान गेले. आज पाचच मिनिटं झाली होती आणि बाहेरून हाक आली. छोटीची साखर ६२. सत्तरच्या खाली म्हणजे लगेच तिच्या वजनाप्रमाणे ठरवून दिलेलं ग्लुकोज द्यायचं, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं. बाबा घरात नव्हते. मी उठायच्या आत तोच म्हणाला, “जा. मला चालेल.”

तोच समजूतदार आवाज. पूर्वी मी ‘शहाणं माझं बाळ’ म्हणून पळाले असते. आज दारात थांबले. म्हटलं, “चालेल म्हणू नकोस, राग आला तरी चालतो. तुझी दहा मिनिटं राहिली. ती सावरली की लगेच येते.” त्याने खांदे उडवले.

दुसऱ्यांदा ९४ आली. परत गेले तेव्हा पावणेनऊ झाले होते. तो पाठ करून बसला होता, बोलला नाही. मीही बोलले नाही, शेजारी बसून राहिले. शेवटी त्यानेच नवी वही ओढली आणि शेवटच्या पानावर लिहिलं: ‘आज. ८.०५. खूप राग. १० मि. बाकी.’ नोंदीच्या रकान्यापाशी थांबला, माझ्याकडे बघितलं आणि लिहिलं, ‘सांगितलं.’

मग पत्त्यांचा बंगला करायला बसलो.