काकूंच्या तेलाची जाहिरात तिसऱ्या खेपेला लागली

सांगलीच्या एका काकू घरी मालीशचं तेल कढवून विकतात. त्यांच्या ३० सेकंदांच्या व्हिडिओची स्क्रिप्ट मी लिहिली होती: 'गुडघेदुखीने हैराण आहात? फक्त ७ दिवसांत संधिवात मुळापासून बरा! १०० टक्के नैसर्गिक, साइड इफेक्ट शून्य.' ऑनलाइन जाहिरात म्हणून व्हिडिओ टाकला आणि तासाभरात नामंजूर. कारण एवढंच दिलं होतं: दिशाभूल करणारे दावे. नेमकी कुठली ओळ खटकली, ते नाही.

मी शहाणपणा केला. 'संधिवात'च्या मध्ये टिंबं घातली, 'बरा'चं 'छूमंतर' केलं. पुन्हा नकार, आणि या वेळी खात्यावर ताकीदही आली. शब्द असे लपवणं म्हणजे तपासणी चुकवणं, आणि तो वेगळा गुन्हा धरतात.

मग मात्र एकेक ओळ धरून बसले. 'हैराण आहात?' हा प्रश्नच अडचणीचा होता, कारण त्यातून समोरच्याला अमुक आजार आहे असं आपणच ठरवून टाकतो. '७ दिवसांत'ला आधार काय, असं विचारल्यावर काकू म्हणाल्या, 'अगं, शेजारच्या वहिनींना आला ना गुण!' एका वहिनींवर आकडा उभा राहत नाही. 'साइड इफेक्ट शून्य' हेही कुणी तपासलेलं नव्हतं. तिळाचं तेल काहींच्या अंगाला सोसत नाही. आणि संधिवात तर ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज या १९५४ च्या कायद्याच्या यादीतच आहे, त्यावर औषध म्हणून जाहिरात करता येत नाही. शिवाय काकूंकडे औषधाचा परवानाही नाही.

दावे काढल्यावर उरलं काय? मी काकूंच्या स्वयंपाकघरात जाऊन बसले. निर्गुंडीचा पाला ठेचून त्याचा रस तिळाच्या तेलात घालायचा आणि मंद आचेवर पाणी आटेपर्यंत ठेवायचं. तडतड थांबली की तेल झालं. तेच स्क्रिप्टमध्ये आलं: 'निर्गुंडीचा रस, घाण्याचं तीळतेल आणि तडतड थांबेपर्यंत मंद आच. दिवसभर उभं राहून काम झालं की थोडं कोमट करून पायांना चोळा. आधी हातावर थोडं लावून बघा.'

पाठवण्याआधी सगळीकडे नजर टाकली, हे बरं झालं. आवाज नवा होता, पण व्हिडिओखालच्या अक्षरांत 'मुळापासून' तसंच राहिलं होतं. बटण दाबल्यावर उघडणाऱ्या पानावर '७ दिवस' मोठ्या अक्षरांत होतं, आणि तपासणारे ते पानही बघतात. सुजलेल्या आणि बऱ्या गुडघ्याचे जोडफोटोही काढून टाकले.

दुसऱ्या दिवशी मंजुरी आली. पहिल्या स्क्रिप्टने आले असते त्यापेक्षा फोन कमी येतील, हे मी काकूंना आधीच सांगून ठेवलं होतं. त्यांनी व्हिडिओ दोनदा पाहिला आणि विचारलं, 'सगळं छान आहे गं, पण यात माझा गुडघा कुठाय?'