बरोबर वाक्य, शून्य गुण

दहावीच्या सराव परीक्षेत मी दोन गुणांचा एक प्रश्न घातला होता. प्रकाशसंश्लेषणात कार्बन डायऑक्साइडपासून शर्करा तयार करायला लागणारी ऊर्जा पानाला कोठून मिळते, आणि ती पेशीच्या कोणत्या अंगकात पकडली जाते? एका मुलीनं सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: ‘पेशीत ग्लुकोजचे ऑक्सिजनच्या साहाय्याने पूर्ण विघटन होते, त्यातून ऊर्जा मुक्त होऊन ती एटीपीच्या रूपात साठवली जाते. ही क्रिया मुख्यतः तंतुकणिकेत होते.’

या दोन वाक्यांत खोटं काहीच नाही. मी शून्य दिलं.

शनिवारी पेपर दाखवायला काढले तेव्हा ती पेपर घेऊन टेबलाशी आली. परभणीच्या पुढं गोदाकाठच्या एका गावाहून सकाळच्या एसटीनं येणारी, एरवी फार न बोलणारी मुलगी. म्हणाली, “सर, ह्यात चुकलं काय ते तर सांगा. पुस्तकात असंच दिलंय की.”

“दिलंय. पण श्वसनाच्या धड्यात दिलंय. मी काय विचारलंय ते वाच बरं.”

“वनस्पती श्वसन करतात का नाही सर?”

“करतात.”

“पानाच्या पेशीत तंतुकणिका असते ना?”

“असते.”

“मग पानाला ऊर्जा तिथूनच मिळायली ना?”

मागच्या बाकावरून कुणीतरी “बरोबर हाय तिचं” म्हणालं. हा प्रश्न ‘प्रकाशातून, हरितलवकात’ असं सांगून मिटण्यातला नव्हता. ते उत्तर तिला पाठ होतं. तिला पटलेलं नव्हतं ते हे, की वाक्य बरोबर असताना उत्तर चुकू कसं शकतं. आणि खरं सांगायचं तर निम्म्या वर्गाची अडचण तीच होती. प्रश्नात ऊर्जा दिसली की श्वसन लिहायचं, ही सवय आठवीपासून लागलेली असते.

मी शिपाईमामांना शाळेच्या आवारातली जास्वंदाची कुंडी प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवायला सांगितलं आणि कपाटाला कुलूप लावलं. म्हटलं, सोमवारी बघू.

सोमवारी सकाळी कुंडी काढली तेव्हा झाड जवळपास दोन दिवस अंधारात होतं. आधी एक पान तोडून तपासलं. पान उकळत्या पाण्यात दोनेक मिनिटं धरलं, म्हणजे पेशी मरतात आणि पुढचं काम सोपं होतं. मग ते स्पिरिट असलेल्या परीक्षानळीत घातलं आणि ती नळी गरम पाण्याच्या चंचुपात्रात उभी केली. स्पिरिट थेट ज्योतीवर धरायचं नाही, पेट घेतं. बर्नर आधी बंद करायचा. हळूहळू स्पिरिट हिरवं होत गेलं आणि पान फिकट पडलं. स्पिरिटमधून काढलेलं पान पापडासारखं कडक होतं, म्हणून कोमट पाण्यात बुडवून मऊ केलं आणि वर आयोडीनचे थेंब टाकले. पान तपकिरीच राहिलं. पानात तयार झालेली शर्करा स्टार्च होऊन साठते आणि आयोडीननं तो निळसर काळा दिसतो. म्हणजे इथं स्टार्च नव्हता.

“कुठं गेला?” मी विचारलं.

तीच म्हणाली, “श्वसनात वापरला.”

“काही श्वसनात गेला, काही साखर होऊन खोडाकडं, मुळांकडं गेला. म्हणजे अंधारात तुझ्या वाक्यातली क्रिया चालू होती का बंद?”

“चालू होती.”

हे मला तिच्या तोंडून हवं होतं. आता झाडावरच्या एका पानाचा अर्धा भाग काळ्या कागदाच्या दुहेरी पट्टीनं वरून-खालून झाकला आणि चिमट्यानं पक्का केला. उरलेला अर्धा भाग उघडा. कुंडी मैदानात उन्हात ठेवायला निघालो, तोच तिनं थांबवलं.

“सर, कागद लावल्यावर हवाबी जाणार नाही आत. उद्या कार्बन डायऑक्साइड मिळाला नाही म्हणून स्टार्च झाला नाही, असं निघलं तर?”

ही शंका फार चांगली होती. बऱ्याच शाळांत हा प्रयोग या शंकेकडं न बघताच उरकला जातो. मी वहीच्या पारदर्शक प्लास्टिकच्या कव्हरमधून कागदाएवढीच पट्टी कापली आणि दुसऱ्या एका पानाचा अर्धा भाग तशीच वरून-खालून झाकून, तशाच चिमट्यानं दाबला. हवा अडायची तेवढी इथंही अडणार, पण प्रकाश आत जाणार. कुंडी दहाच्या सुमारास बाहेर गेली आणि मधली सुट्टी उलटून गेल्यावर आत आली.

दोन्ही पानं त्याच क्रमानं उकळली, धुतली. आयोडीन टाकल्यावर पहिल्या पानाचा उघडा भाग निळसर काळा पडला. कागदाखालचा भाग तपकिरी राहिला. मधली सीमा मात्र पट्टीनं आखल्यासारखी नव्हती. कडेला काळा रंग कागदाच्या जागेत किंचित आत शिरला होता. तिथं कागद जरा सुटला होता, प्रकाश आत गेला होता. दुसऱ्या पानाचा प्लास्टिकखालचा भागही काळा झाला, उघड्या भागापेक्षा थोडा फिका, पण काळाच. म्हणजे हवा अडल्याचा परिणाम थोडाफार असेलही, पण पहिल्या पानातला फरक त्यानं पडलेला नाही.

मग मी तिचा पेपर टेबलावर ठेवला आणि पहिल्या पानाच्या काळ्या भागावर बोट ठेवून विचारलं, “तू लिहिलेलं वाक्य इथं खरं आहे का?”

“हो.”

बोट तपकिरी भागावर नेलं. “आणि इथं?”

ती थोडा वेळ पानाकडं बघत राहिली. “इथंबी खरं हाय.”

तंतुकणिका दोन्हीकडं आहेत. श्वसन दोन्हीकडं चालू आहे. पान एकच, झाड एकच, खोडातून येणारं पाणी एकच. तरी शर्करा एकाच बाजूला तयार झाली. जी गोष्ट दोन्ही भागांत सारखीच खरी आहे, तिच्यामुळं दोघांत फरक पडला असं म्हणता येत नाही. श्वसनाची ऊर्जा या कामाला पुरली असती तर कागदाखालीही स्टार्च दिसायला हवा होता. फरक फक्त प्रकाशाचा होता. तिचं वाक्य पानाबद्दल खरं होतं, पण विचारलेल्या कामाबद्दल ते काहीच सांगत नव्हतं.

तिनं मान हलवली आणि गुण वाढवायचा विषय पुन्हा काढला नाही. वाढवा म्हणणारे निघाले ते शिक्षकखोलीतले.

आमचे गणिताचे सर मुळात रसायनशास्त्राचे पदवीधर. चहा घेताना त्यांनी हिशोबच मांडला. “एका ग्लुकोजच्या श्वसनातून आपण अडतीस एटीपी शिकवतो. प्रकाशसंश्लेषणात एक ग्लुकोज बांधायला अठरा एटीपी लागतात. म्हणजे एक जाळला तर दोन बांधून वर दोन एटीपी शिल्लक. पोरीला निदान एक गुण द्या की हो.”

आकडे बरोबर होते. ३८ हा जुना, पाठ्यपुस्तकी आकडा. आता साधारण ३० ते ३२ धरतात, पण तोही १८ पेक्षा जास्तच आहे. हिशोबात एक रकाना राहिला होता. कार्बन डायऑक्साइडची शर्करा करायची तर एटीपी पुरत नाही, हायड्रोजनही जोडावा लागतो. एका ग्लुकोजमागं हायड्रोजनच्या १२ जोड्या लागतात आणि त्या वाहून आणायला एनएडीपीएचचे १२ रेणू.

आता श्वसनाकडं बघा. एक ग्लुकोज पूर्ण मोडल्यावर वाहक रेणूंवर हायड्रोजनच्या किती जोड्या चढतात? एनएडीएचच्या १० आणि एफएडीएच२ च्या २, म्हणजे बरोबर १२. अडतीसातले चौतीस एटीपी याच १२ जोड्या शेवटी ऑक्सिजनला देऊन मिळतात. जुन्या हिशोबानं १० गुणिले ३ आणि २ गुणिले २. थेट मिळणारे एटीपी फक्त चार. म्हणजे घरात ज्वारीची एकच पायली आहे. ती दळायची किंवा पेरायची. जोड्या ऑक्सिजनला दिल्या तर एटीपी मिळेल, पण शर्करेला जोडायला हायड्रोजन उरणार नाही. जोड्या शर्करेसाठी राखल्या तर हातात चार एटीपी, आणि गरज अठराची. शिवाय इतकं सगळं जमलं असं धरलं तरी एक ग्लुकोज मोडून एकच ग्लुकोज परत यायचा, रोपट्याच्या वजनात भर पडायची नाही.

सरांनी कपाच्या बशीत बोटानं आकडे मांडून पाहिले. “मग ह्या जोड्या प्रकाशसंश्लेषणाला कुठून येतात?”

“पाण्यातून. पाण्यापासून हायड्रोजन काढायला ऊर्जा लागते आणि हरितलवकात प्रकाश नेमकं ते काम करतो. ऑक्सिजन बाहेर पडतो तो त्याच पाण्यातला. वाटेत लागणारा एटीपीही हरितलवकातच तयार होतो.”

“म्हणजे उजेडात तंतुकणिका रिकामी बसते?”

तेही खरं नाही, आणि इथं जरा जपून बोलावं लागतं. उजेडातही तंतुकणिका चालू असते. हरितलवकात तयार झालेली शर्करा पेशीद्रवात येते आणि तिथं तिची सुक्रोज होते. त्या कामाला तंतुकणिकेतून आलेला एटीपी वापरला जातो. मुळांना हिरवा रंगच नाही, त्यांचं सगळं काम श्वसनावर चालतं. रात्री पानाचंही तसंच. मुळांना क्षार शोषायला ऊर्जा कोठून मिळते, असं विचारलं असतं तर त्या मुलीला दोन्ही गुण मिळाले असते. सुक्रोजबद्दल विचारलं असतं तर मला निदान एक द्यावाच लागला असता. म्हणूनच प्रश्नात नुसतं ‘अन्न तयार करायला’ न लिहिता ‘कार्बन डायऑक्साइडपासून शर्करा तयार करायला’ असं लिहिलं होतं.

सर म्हणाले, “दहावीच्या पोराला हे एवढं कळणार आहे का?”

सुक्रोजचं नाही कळणार, त्याची गरजही नाही. पण कागदाखालच्या तपकिरी भागातही श्वसन चालूच होतं, एवढं नववीच्या मुलालाही कळतं. पुढच्या आठवड्यात हा प्रयोग नववीच्या दोन्ही तुकड्यांना दाखवायचा ठरवला. प्लास्टिकची पट्टी लावूनच.