माझा अनुभव : चाळीस मिनिटांत तुलनात्मक धर्माचा निबंध

प्रश्न होता : 'निर्वाण आणि मोक्ष ही एकाच ध्येयाची दोन नावे आहेत. चर्चा करा.' सराव परीक्षेत मी थेट लिहायला बसलो. मोक्षावर पंचवीस मिनिटं गेली, निर्वाणाला जेमतेम दहा ओळी उरल्या. पेपर परत आला तेव्हा समासात लिहिलं होतं, 'तुलना कुठे आहे?' दोन्ही विषय मला येत होते, म्हणून तो शेरा आजही टोचतो.

मग पहिली सात मिनिटं आराखड्याला द्यायची ठरवली. कागदावर दोन उभे रकाने, एक अद्वैताचा, एक बौद्ध धर्माचा, आणि आडव्या तीन ओळी. एका ओळीचा एक परिच्छेद. इथवर सोपं होतं. आडव्या ओळींना नाव काय द्यायचं, इथे मात्र मी कित्येक दिवस अडून बसलो.

आधी एका ओळीला 'ईश्वराचे स्थान' असं नाव दिलं. बौद्ध रकान्यात 'सृष्टिकर्ता मानत नाहीत' एवढंच आलं आणि पुढे लिहायला काही उरेना. रकान्यात नुसतं 'नाही' आलं, की ती ओळ एकाच धर्माच्या बाजूने आखलेली असते, हे तेव्हा कळलं. दुसरी चूक अधिक फसवी होती : 'आत्म्याची मुक्ती'. हा शब्दच अद्वैताचा! बौद्ध विचारात कायम टिकणारा आत्मा नाही, म्हणजे या मथळ्यानेच उत्तर आधी ठरवून टाकलं होतं.

शेवटी ओळींचे साधे प्रश्न केले. बांधतं काय? दोन्हीकडे अविद्या, बौद्ध बाजूला तृष्णाही. सुटतं कोण? अद्वैतात आत्मा ब्रह्मच असल्याचं कळतं. बौद्ध मार्गात 'मी' धरून ठेवण्यासारखं काही नाही, हे उमगतं. जिवंतपणी मिळतं का? इकडे जीवन्मुक्त, तिकडे अर्हत. पहिल्या आणि तिसऱ्या ओळीत दोघं जवळ येतात, मधल्या ओळीत फाटा फुटतो. विधानाचं उत्तर तिथेच हाती आलं : वाट बरीच सारखी, पण कोण सुटतं यावर मतभेद, म्हणून ही एकाच ध्येयाची नावं नाहीत.

आराखड्यानंतर तीन मिनिटं प्रस्तावना, प्रत्येक परिच्छेदाला आठ, समारोपाला तीन, वाचून बघायला तीन. परिच्छेदात दोन्ही नावं पहिल्या दोन वाक्यांत आली नाहीत, तर मी एकाच धर्मात रमलोय हे ओळखायचं. मधल्या परिच्छेदाला मिनिट जास्त लागलं, तर ते तिसऱ्यातून घ्या.

आणि हो, प्रस्तावनेतच सांगा की 'मोक्ष' इथे अद्वैताच्या अर्थाने घेतला आहे. जैनांचा किंवा मध्वाचार्यांच्या द्वैताचा मोक्ष वेगळा आहे. हे वाक्य मी दोनदा विसरलो आणि दोन्ही वेळा गुण गेले. अंतिम परीक्षेत ते पहिल्याच ओळीत लिहिलं आणि घंटा व्हायच्या आधी तीन मिनिटं पेन खाली ठेवलं.