‘तुम्ही व्हॉल्व्ह बंद होताना पाहिलाय का?’

माहुलच्या बाजूला आमच्या प्लांटमध्ये सॉल्व्हंटची एक टाकी आहे. ती भरून वाहू नये म्हणून वरच्या टोकाला फोर्क लेव्हल स्विच बसवलेला आहे. द्रव तिथवर पोचला की सोलनॉइड, म्हणजे विजेवरचा छोटा व्हॉल्व्ह, हवा सोडतो आणि इनलेटचा व्हॉल्व्ह स्प्रिंगने बंद होतो. आपोआप बंद करणाऱ्या या ट्रिपला सिल २ ही सुरक्षेची पातळी लागणार असं ठरलं आणि कागद बाहेरच्या तपासनिसाकडून मंजूर करून आणायचं काम माझ्या गळ्यात पडलं. डेटाशीट, बैठका, सह्या सगळं पंधरा दिवसांत उरकलं. मग फाइल एका रकान्यावर सात आठवडे अडली. आठवलं की अजून डोकं तापतं.

माझं गणित सरळ होतं. असली ट्रिप बिघडली तरी बोलत नाही. रोज काम नसल्यामुळे ती मेली आहे हे टेस्टच्या दिवशीच कळतं, नाहीतर टाकी वाहते त्या दिवशी. वर्षातून एकदा टेस्ट केली आणि दुसऱ्याच दिवशी बिघाड झाला, तर जवळपास वर्षभर आपण उघडे. पुढच्या टेस्टच्या आदल्या दिवशी झाला, तर एकच दिवस. सरासरी निम्मं वर्ष, म्हणून सूत्रात दोनने भागतात:

```
PFDavg = λ × T / 2
```

PFDavg, म्हणजे पीएफडी, ही गरज पडेल तेव्हा ट्रिप काम न करण्याची सरासरी शक्यता. λ म्हणजे न कळणाऱ्या घातक बिघाडांचा दर, T म्हणजे दोन टेस्टमधला काळ. स्विच, सोलनॉइड, व्हॉल्व्ह मिळून आमचा दर वर्षाला ०.०१ आला, म्हणजे शंभर वर्षांत एक. वर्षाला एक टेस्ट धरली की पीएफडी ०.००५. सिल २ ला ०.०१ च्या आत हवं. मी खूश.

तपासनिसाने एकच ओळ लिहून फाइल परत पाठवली: ‘टेस्टमध्ये किती टक्के बिघाड सापडतात?’ मी ‘सर्व’ लिहिलं. फाइल परत. मग मोठ्या मनाने लिहिलं, हवं तर सहा महिन्यांनी टेस्ट करू. तरीही परत! शेवटी चिडून फोन केला. ते शांतपणे म्हणाले, ‘साहेब, टेस्टच्या वेळी तुम्ही व्हॉल्व्ह बंद होताना पाहिलाय का?’

नव्हता पाहिला. आमची टेस्ट म्हणजे जंक्शन बॉक्समध्ये स्विचची वायर सोडायची, पॅनलवर अलार्म आला, सोलनॉइड ‘टक’ वाजला की ‘ओके’. व्हॉल्व्ह बायपासवर, म्हणजे ट्रिप झाली तरी बंद न होणारा, आणि फोर्क टाकीतच. चिकटा बसलेला फोर्क किंवा जाम झालेला व्हॉल्व्ह यात सापडणारच नव्हता.

समजा निम्मेच बिघाड सापडतात. त्या निम्म्यांचा वाटा एक वर्षाच्या हिशेबाने ०.००२५. उरलेले निम्मे मोठ्या ओव्हरहॉलपर्यंत, म्हणजे आमच्याकडे १० वर्षं, लपून राहतात. त्यांचा वाटा ०.०२५. एकूण ०.०२७५, म्हणजे सिल १. आणि माझी सहा महिन्यांची उदार ऑफर? ०.०२७५ चं ०.०२६ झालं असतं. जे टेस्ट बघतच नाही, ते ती दुप्पट वेळा केली तरी दिसत नाही. यासाठी माझे तीन आठवडे गेले.

मग टेस्ट बदलली. बायपास न लावता फोर्क काढून बादलीतल्या सॉल्व्हंटमध्ये बुडवायचा आणि स्टॉपवॉच लावून व्हॉल्व्ह पूर्ण बंद होताना बघायचा. पंप चालू असताना हे करू नका, पाइपाला धक्का बसतो. पहिल्याच वेळी १२ सेकंदांत बंद व्हायला हवा असलेला व्हॉल्व्ह ३१ सेकंदांनी बंद झाला. सोलनॉइडच्या हवा सुटायच्या भोकात कुंभारीण माशीने मातीचं घर केलं होतं! आता तिथे जाळी आहे.

नव्या पद्धतीत ९० टक्के बिघाड सापडतात, असं टेस्टची एकेक पायरी दाखवून तपासनिसाला पटवलं. ०.००४५ अधिक ०.००५, एकूण ०.००९५. जेमतेम पास, पण पास.

आधीच सांगायला हवं होतं असं एक: टेस्टच्या आधी व्हॉल्व्हला हात लावू देऊ नका. आमचे फिटर काका प्रेमाने आदल्या दिवशी तेल देऊन दोनदा हलवून ठेवायचे, ‘साहेबांसमोर अडकायला नको’ म्हणून. मग वर्षभर तो अडकलेला होता की नाही, हे कळणार कसं? सापडला तसाच पहिला झटका नोंदवा. तेल नंतर. आणि कशासाठीही बायपास लावलाच, तर काढल्याची सही दुसऱ्याकडून घ्या, कारण बायपास राहिला तर पीएफडी सरळ १.

काका अजून माझ्यावर थोडे रुसलेत. बादली मात्र तेच धुऊन ठेवतात.