माघ वद्य पंचमी आणि वैशाख शुद्ध

एकोणिसाव्या शतकातल्या एका सुधारकाच्या घरचे मोडी कागद वाचायला मी सोलापुरात दक्षिण कसब्यातल्या वाड्यात बसलो होतो. नाव लिहू नका, असं घरच्यांनी सांगितलंय. त्यांनी पहिल्या पत्नीच्या निधनानंतर विधवेशी लग्न केलं, एवढं सगळ्यांना माहीत होतं. मधे किती काळ गेला, हा प्रश्न होता. घरातल्या वंशावळीत पत्नीचं निधन 1871 आणि लग्न 1872 असं होतं. वर्षभराचा दुखवटा पाळून लग्न केलं, अशी घरात समजूत होती.

श्राद्धांच्या यादीत पहिल्या पत्नीचं नाव अविधवा नवमीला होतं, म्हणजे त्या नवऱ्याआधी गेल्या. पण त्याने वर्ष कळत नाही. ते रोजकीर्दीत सापडलं. शके 1793, माघ वद्य 5, त्यापुढे दहाव्या-तेराव्याचा खर्च. वंशावळ करणाऱ्याने शकात सरळ 78 मिळवले आणि 1871 लिहिलं. चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत हे चालतं. पुढच्या जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत 79 मिळवावे लागतात. म्हणजे निधन फेब्रुवारी 1872 च्या अखेरीचं.

त्याच वहीत थोडी पानं उलटल्यावर वैशाख शुद्ध पक्ष, शके 1794 : ‘पुण्याचे भटजी, आगगाडी भाडे’, खाली दक्षिणा, हळद-कुंकू, मुंडावळ्या. गावचे भटजी या लग्नाला उभे राहिले नसावेत, असं मला वाटतं. मे 1872. दोन्हींमध्ये जेमतेम अडीच महिने.

वधूचं वैधव्य कुठून काढायचं? सासरचं नाव वेगळं, पुनर्विवाहात मिळालेलं वेगळं. वंशावळीत फक्त शेवटचं. तिचा माग लागला तो एका स्टांपाच्या कागदावर. 1856 च्या कायद्याने विधवेला पुनर्विवाहाची मोकळीक दिली, पण पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा तिचा हक्क मात्र संपवला. म्हणून दिरांनी लग्नाआधी लिहून घेतलं होतं : ‘आमचा कोणताही दावा राहिला नाही.’ त्यात नवऱ्याचं नाव, मृत्यूची तिथी आणि तिचं तेव्हाचं वय, नऊ वर्षं. तिच्या बाजूला बांगडीची निशाणी.

त्या निशाणीवर मी बराच वेळ थांबलो. एवढ्या कागदांत तिच्या हातचं तेवढंच होतं.

घरातल्या आजींना अडीच महिन्यांचं सांगताना मला धाकधूक होती. त्यांनी वही जवळ ओढली, दोन्ही तिथ्या वाचून दाखवायला लावल्या आणि म्हणाल्या, “घरात दोन लहान पोरं होती. खरं तेच लिहा, बाळ. आणि तिचं पहिलं नावही घाला.”

वंशावळीत आता तिची दोन्ही सासरं आहेत, निधनाचं वर्ष दुरुस्त केलंय आणि दोन्ही तारखांशेजारी मूळ तिथी आणि शक लिहिलेत, म्हणजे पुढच्या वाचणाऱ्याला हिशेब स्वतः तपासता येईल.