फोटोतला कागद उर्दू की फारसी? गिऱ्हाइकाला काय विचारावं लागतं

मराठवाड्यातल्या जुन्या कागदांचं भाषांतर करून देण्याच्या कामात माझा वाटा पहिल्या टप्प्याचा. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले फोटो बघायचे, कागद कोणत्या भाषेतला आहे ते ठरवायचं, योग्य वाचकाकडे पाठवायचा आणि दर सांगायचा. उर्दू वाचणारे सर वेगळे आणि फारसी वाचणारे वेगळे, दोघांचे दरही वेगळे. त्यामुळे भाषा ठरल्याशिवाय काही हलत नाही.

गिऱ्हाईक मात्र जवळजवळ प्रत्येक वेळी 'उर्दू आहे' एवढंच लिहितं. उजवीकडून डावीकडे जाणारं, खाली घसरत गेलेलं अक्षर दिसलं की आपल्याकडे त्याला उर्दूच म्हणतात, यात त्यांचा दोष नाही. मी उलट 'नक्की उर्दूच ना?' असं कधी विचारत नाही. उत्तर 'हो' येतं आणि त्या 'हो'ला काही अर्थ नसतो.

मागे परभणीकडच्या एका काकांनी तीन फोटो पाठवले. पहिला होता रकान्यांचा तक्ता, वरची पट्टी तेवढी दिसत होती. मौजा, तालुका, नाम काश्तकार, वल्द, रकबा, कैफियत. उर्दूच्या सरांना दाखवला तर ते म्हणाले, "हे उर्दूतही असंच लिहितात आणि फारसीतही असंच. वाक्य दाखवा." गंमत म्हणजे यातले निम्मे शब्द आपल्या सातबाऱ्याच्या भाषेतही आहेत. रकान्यांच्या डोक्यावर फक्त नामं असतात, क्रियापद नसतं, आणि भाषा कळते ती क्रियापदावरून. शेवटी 'है', 'था', 'की गई' आलं, मधे 'का', 'ने', 'को' आले तर उर्दू. 'अस्त', 'शुद', 'नमूद', आणि मधे 'रा', 'अज़', 'दर' आले तर फारसी.

अक्षरांवरूनही कळतं, पण छापील किंवा स्वच्छ लिहिलेलं असेल तरच. फारसीत ट, ड, ड़ हे उच्चार नाहीत. उर्दूत ते दाखवायला अक्षराच्या डोक्यावर 'तोय' या अक्षराची छोटी खूण काढतात. ती दिसली तर बरं. पण गावाचं नाव लिहायला फारसी कारकुनालाही ट-ड लागायचेच, म्हणून ती खूण एखाद्या नावात सापडली तर तेवढ्यावर विसंबत नाही. आणि कचेरीतलं शिकस्ता, म्हणजे घाईनं मोडून लिहिलेलं वळण असेल तर लिहिणाऱ्यानं नुक्ते, म्हणजे अक्षरांचे ठिपकेसुद्धा गाळलेले असतात, तिथं तोय कुठली शोधणार!

तक्त्यावर 'बहमन, सन 1329 फ' असं होतं. बहमन हा इराणी महिना, म्हणून काकांच्या पुतण्यानं कुठंतरी वाचून 'मग हे फारसी' असं ठरवून टाकलं. ते तसं नाही. 'फ' म्हणजे फसली, महसुलाच्या कामाचं साल. निजामाच्या हैदराबाद संस्थानात फसली सालाचे महिनेच आजूर, दै, बहमन असे होते. कागद उर्दूत असला तरी महिना बहमनच. फसलीत 590 मिळवले की 1919 येतं, म्हणजे हा 1919च्या अखेरचा कागद. संस्थानाच्या कारभारात फारसीची जागा उर्दूनं 1880च्या दशकात घेतली होती, तेव्हा हा उर्दू असण्याची शक्यता मोठी. तरी शक्यतेवर दर सांगत नाही. 'फ'ऐवजी हिजरी असतं तर हेच 1329 म्हणजे 1911, म्हणून सालापुढचं ते बारीक अक्षरसुद्धा फोटोत यावं लागतं.

दुसऱ्या फोटोत फक्त शिक्का होता. काकांना वाटलं, शिक्का महत्त्वाचा, म्हणून तोच जवळून काढला. त्यात 1271 दिसत होतं, हिजरी धरलं तर 1854-55. पण शिक्क्यावरचं साल हे बहुधा शिक्का कोरल्याचं असतं. अधिकारी तोच शिक्का पुढं कितीतरी वर्षं वापरत राहायचा. म्हणजे कागद त्याच्या आधीचा नाही एवढंच कळलं. शिवाय शिक्क्यांची भाषा फारसी-अरबी वळणाची असतेच, खालचा मजकूर कोणत्याही भाषेत असो.

मग मी त्यांना असं लिहिलं:

"काका, कागद कोणत्या गावचा आणि तुमच्याकडे कसा आला, कचेरीची नक्कल आहे की घरातल्या पेटीतला? सगळ्या कागदांचे पूर्ण फोटो पाठवा, चारही कडा दिसू द्या, मागची बाजूही. कागद उजेडात सपाट ठेवून वरून काढा, फ्लॅश नको. प्रत्येक पानाच्या शेवटच्या दोन ओळींचा वेगळा जवळून फोटो हवा. व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर नुक्ते पुसट होतात. आणि भाषांतर कुठं द्यायचंय?"

यात 'भाषा कोणती' हा प्रश्न नाही, आणि तो मुद्दामच नाही. त्यांना जे ठाऊक आहे तेवढंच विचारलं.

शेवटच्या ओळी मागण्याचं कारण असं, की दस्तऐवजाचा शेवट ठरीव असतो. उर्दू दस्तात लिहितात: 'लिहाज़ा यह चंद कलमे बतौर सनद लिख दिए कि सनद रहे और वक़्त-ए-ज़रूरत काम आवे.' फारसीत तेच असं: 'ईं चंद कलमा ब तरीक़-ए-सनद नविश्ता दादा शुद कि इंदल हाजत ब कार आयद.' सनद, चंद, कलमा, कार हे शब्द दोन्हीकडे किंवा थोड्या फरकानं दिसतात. फाटलेल्या फोटोत तेवढेच उरले तर कोणीही फसेल. पण 'लिख दिए' आणि 'दादा शुद' यांच्यात घोटाळा होत नाही.

काकांच्या दुसऱ्या कागदाचा शेवट आला तो 'दादा शुद'चा. फारसी. तक्त्याच्या कैफियतीच्या रकान्यात मात्र 'दर्ज की गई' होतं, म्हणजे उर्दू. एकाच पुडक्यात दोन भाषा. हे मराठवाड्यातल्या घरांत नवल नाही, आजोबांच्या आजोबांचा कागद आणि आजोबांचा कागद एकाच फडक्यात बांधलेले असतात.

तिसऱ्या फोटोतल्या आकड्यांच्या ओळीनं आणखी पेच टाकला. रक्कम अंकांत नव्हती, सियाक पद्धतीच्या चिन्हांत होती. अरबी संख्यावाचक शब्द आखडून केलेल्या त्या खुणा, उर्दूचे मास्तर असोत की फारसीचे, न शिकता वाचता येत नाहीत. फारसीच्या सरांना त्या येतात म्हणून ते पानही त्यांच्याकडेच दिलं, दर वेगळा सांगून.

मी काकांना सगळे दर आणि मुदती कळवल्या. त्यावर त्यांचा फोन आला.

"ताई, कचेरीनं तर उर्दू भाषांतर आणा असं सांगितलंय. फारसी लिहिलं तर परत पाठवतील की."

"काका, भाषांतराच्या डोक्यावर मूळ भाषा खरी तीच लिहावी लागते, भाषांतरकाराची सही असते त्याखाली. तुम्ही त्यांना एवढं विचारून घ्या, की फारसीच्या कागदाला त्यांना कोणाची सही चालते."

त्यांनी विचारलं. सही चालणार होती, फक्त मूळ कागदाची छायाप्रत सोबत जोडायला सांगितली. मग फारसीच्या सरांकडे फोटोंऐवजी स्कॅन पाठवला, कारण छायाप्रतीतही कडेच्या नोंदी दिसायला हव्या होत्या.