एका तुकडीचा माग: प्रवेशापासून शेवटच्या परीक्षेपर्यंत

आमच्या विभागाचा शेवटच्या वर्षाचा निकाल ९२ टक्के लागला होता. ७५ विद्यार्थी परीक्षेला बसले, ६९ पास झाले. आकडा खराच होता. पण मला वेगळं काहीतरी हवं होतं. तीन वर्षांपूर्वी पहिल्या वर्षाला प्रवेश घेतलेल्या मुलामुलींपैकी किती जण ठरलेल्या तीन वर्षांत पदवी घेऊन बाहेर पडले? निकालपत्रकात याचं उत्तर नसतं. त्यात फक्त परीक्षेला पोहोचलेल्यांची नावं असतात, आणि मला शोधायचं होतं ते न पोहोचलेल्यांना.

सुरुवात प्रवेश रजिस्टरपासून केली. त्यात १२६ नावं होती, पण सहा जणांनी वर्ग सुरू होताच प्रवेश रद्द केला होता. त्यांना धरायचं की नाही, हे आधी ठरवावं लागलं. मी पहिल्या सत्राचा परीक्षा अर्ज भरण्याची शेवटची तारीख ही सीमारेषा मानली. त्या दिवशी पटावर असलेला प्रत्येक जण तुकडीत धरला, म्हणजे १२० नावं. ही यादी मी तिथेच गोठवली. नंतर कोणी सोडून गेलं तरी नाव पुसायचं नाही आणि कोणी नवं आलं तरी त्यात घालायचं नाही. सगळ्या कामात हा नियम सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण टक्केवारीतला छेद एकदा हलू लागला की तिचा काही अर्थच उरत नाही.

पुढचं काम कष्टाचं होतं. दरवर्षी हजेरी क्रमांक बदलतो आणि परीक्षेचा बैठक क्रमांक तर प्रत्येक सत्रात बदलतो. नावांवर विसंबता येत नाही. एका यादीत आडनाव आधी, दुसरीत शेवटी. लग्नानंतर काहींचं नाव बदललेलं. एकाच नावाचे दोघे. कायम राहणारा एकच दुवा असतो, तो म्हणजे नोंदणी क्रमांक. म्हणून प्रत्येक सत्राच्या निकालाची यादी त्या क्रमांकावरून जोडली. तरीही काही नावं लोंबकळत राहिली. परीक्षा विभागातल्या बाईंना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मॅडम, वर्ष सोडून परत प्रवेश घेतला की कधीकधी नवा क्रमांक पडतो. जन्मतारीख लावून बघा." जन्मतारीख आणि आईचं नाव एकत्र लावल्यावर त्या जोड्या जुळल्या. नाही तर तोच विद्यार्थी एकदा 'गळालेला' आणि एकदा 'नवा' म्हणून मोजला गेला असता.

मग त्या ७५ जणांकडे वळले. १२० च्या मूळ यादीतले त्यात ६१ च होते. सात जण थेट दुसऱ्या वर्षाला आलेले, आणि उरलेले सात आधीच्या तुकड्यांमधून मागे राहिलेले. शिकवताना हे कळत नाही, कारण वर्ग भरलेलाच दिसतो. मूळ तुकडीतले मागे पडतात, त्यातल्या काही जागा बाहेरून आणि मागून आलेले भरून काढतात, आणि गळती झाकली जाते. थेट आलेल्यांना मी वेगळी तुकडी मानलं. परीक्षेला न पोहोचलेला एक धरून ते एकूण आठ होते आणि त्यांची मुदत तीन नव्हे, दोन वर्षांची. त्यांना १२० मध्ये मिसळलं असतं तर अंशात पास झालेले वाढले असते आणि पहिल्या वर्षाची चाळणी त्यांना लागलीच नव्हती, हे लपून राहिलं असतं.

६१ पैकी ५६ जण शेवटच्या वर्षाच्या सगळ्या विषयांत पास होते. इथे थांबणं सोपं होतं. पण शेवटचं वर्ष पास होणं आणि पदवी पूर्ण होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ५६ पैकी दहा जणांचा आधीच्या वर्षांतला एखादा तरी विषय अजून राहिलेला होता. विभागाच्या निकालात ते पास, पण पदवी हातात नाही. ते वजा केल्यावर ४६ उरले. फेरमूल्यांकनात आणखी दोघे पास झाले. त्यांना मी वेळेत धरलं, कारण परीक्षा वेळेत दिली होती, फक्त निकाल उशिरा लागला. पुरवणी परीक्षेत पास झालेल्यांना मात्र धरलं नाही. एकूण ४८. म्हणजे १२० पैकी बरोबर ४० टक्के.

९२ आणि ४०. दोन्ही आकडे खरे आहेत, फक्त प्रश्न वेगळे आहेत.

उरलेल्या ७२ जणांचा हिशोब लागल्याशिवाय मला चैन पडेना. प्रत्येकापुढे एकच स्थिती लिहायची आणि सगळ्या स्थितींची बेरीज १२० च यायला हवी, अशी अट घातली. तक्त्यात नोंदणी क्रमांक A स्तंभात आणि स्थिती F स्तंभात ठेवली, म्हणजे प्रत्येक स्थिती अशी मोजता येत होती:

```
=COUNTIF(F2:F121,"मागे राहिले")
```

शेवटच्या परीक्षेला बसूनही पदवी न मिळालेले १३. एखाद्या वर्षी अडकून खालच्या वर्गात राहिलेले २७. दुसऱ्या संस्थेत गेल्याची कागदोपत्री नोंद असलेले पाच, इथेच दुसऱ्या शाखेत गेलेले तीन, आणि कसलीही नोंद नसलेले २४. बेरीज जुळली. दुसऱ्या संस्थेत गेलेले पाच जण वगळावेत, असं एका सहकाऱ्याचं मत होतं. ते वगळले तर ४८ भागिले ११५, म्हणजे सुमारे ४२ टक्के. मी त्यांना छेदात ठेवलं आणि वेगळं दाखवलं, कारण 'गेला असेल कुठेतरी' या सबबीखाली नोंद नसलेलेही हळूहळू वगळले जातात. वगळायचंच असेल तर हातात कागद हवा.

या २४ जणांनी मला सर्वांत जास्त अस्वस्थ केलं. त्यातले १७ दुसऱ्या वर्षाला आलेच नव्हते. पुन्हा जुन्या गुणपत्रिका काढल्या. खालच्या वर्गात राहिलेले २७ आणि जुना विषय राहिलेले दहा, असे ३७ जण होते. त्यातल्या २२ जणांची पहिली ठेच एकाच पेपरला लागली होती: पहिल्या वर्षाचं संख्याशास्त्र. शेवटच्या वर्षाच्या निकालावर चर्चा करताना हा पेपर कधीच समोर येत नाही, कारण त्यात अडलेले बरेचसे तोवर वर्गात नसतात. एकाच पेपरमुळे ते अडले असं यावरून सिद्ध होत नाही, कारण आधीपासून कच्चे असलेले विद्यार्थी त्याच पेपरात आधी सापडत असतील. पण कुठे बघायचं ते कळलं.

वर्षभराने तीच गोठवलेली यादी पुन्हा उघडली. मागे राहिलेल्यांपैकी आणखी १७ जण पास झाले होते, म्हणजे चार वर्षांत ६५, सुमारे ५४ टक्के. वेळेत पास होणाऱ्यांचा आकडा मात्र ४८ च ठेवला, तो आता बदलत नाही. विभागाच्या अहवालात दोन्ही वेगवेगळ्या ओळींत गेले. पुढच्या तुकडीची यादीही त्याच सीमारेषेच्या दिवशी गोठवली आहे, आणि या वेळी संख्याशास्त्राचा पहिल्या सत्राचा निकाल लागताच नापास झालेल्यांची नावं वर्गशिक्षकांकडे दिली आहेत.